रीडरला दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही

लग्नसराईत फोटोग्राफर मंडळी एकत्र आली की एक तक्रार हमखास कानावर येते. कार्ड कॅमेऱ्यात घातलं, तर कॅमेरा ते ओळखायलाच तयार नाही. तेच कार्ड लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घातलं, तर हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो समोर हजर. मग कोणी म्हणतं, कार्ड ठणठणीत आहे, कॅमेऱ्याचाच स्लॉट गेला. कोणी म्हणतं, एकदा फॉरमॅट मारा, चालेल. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात आणि त्यातला दुसरा तर महागात पडणारा असतो.

घाई व्हायला कॅमेऱ्याचा पडदाही थोडा कारणीभूत ठरतो. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांवर अशा वेळी पुढचा संदेश येतो: Card cannot be accessed. Reinsert/change card or format card with camera. कार्ड काढून परत घाला, दुसरं कार्ड वापरा किंवा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, असे तीन पर्याय एका दमात सुचवले जातात. पहिल्या दोन पर्यायांनी काही बिघडत नाही. तिसऱ्याने मात्र फोटोंची यादी पुसली जाते. मांडवात वरात दारात येऊन उभी असताना बोट नेमकं त्या तिसऱ्या पर्यायावर जातं.

एकच कार्ड एका यंत्रात चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही, याचं कारण ही दोन यंत्रं कार्डाकडून वेगवेगळं काम मागतात हे आहे. रीडरने कार्ड वाचलं म्हणजे ते निरोगी आहे असं सिद्ध होत नाही. त्यातून एवढंच कळतं की फोटो उतरवून घ्यायला अजून वेळ आहे. खरा आजार कोणता, हे त्यानंतर शोधायचं असतं. फोटोग्राफरच्या बॅगेत तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो: झिजलेल्या किंवा मळलेल्या संपर्कपट्ट्यांत, नाहीतर मुळातच बनावट असलेल्या कार्डात.

नऊ पट्ट्यांचा व्यवहार

एसडी कार्डाची मापं ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड अशी ठरलेली आहेत. १९९९मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिक ब्रँडची मात्सुशिता या तीन कंपन्यांनी मिळून हा प्रकार आणला. कार्ड पालथं केलं की एका कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग दिसते. साध्या कार्डावर त्या नऊ असतात. अतिवेगवान यूएचएस-२ कार्डांवर खाली आणखी एक रांग असते. कार्ड स्लॉटमध्ये सरकतं तेव्हा स्लॉटमधल्या बारीक स्प्रिंगा या पट्ट्यांवरून घासत जातात आणि कार्ड पूर्ण आत बसलं की प्रत्येक स्प्रिंग आपापल्या पट्टीवर टेकून राहते. कॅमेरा आणि कार्ड यांचा सगळा व्यवहार या टेकलेल्या ठिपक्यांतून चालतो.

नऊ पट्ट्यांची कामं वाटून दिलेली आहेत. एका पट्टीतून वीज येते आणि दोन पट्ट्या जमिनीच्या म्हणजे शून्य व्होल्टच्या असतात. एकीवरून घड्याळाचे ठोके येतात, एकीवरून हुकूम जातात आणि उत्तरं येतात. उरलेल्या चार पट्ट्या प्रत्यक्ष माहिती वाहून नेतात. कार्ड घातल्यावर पहिली ओळखपाळख हुकमाच्या एकाच पट्टीवरून आणि फार सावकाश होते. त्या वेळी घड्याळाचा वेग सेकंदाला चार लाख ठोक्यांच्या वर जात नाही. ओळख पटली की कॅमेरा चारही माहितीपट्ट्या कामाला लावतो आणि वेग वाढवतो. जुन्या कॅमेऱ्यांत तो सेकंदाला पाच कोटी ठोक्यांपर्यंत जातो. आजच्या यूएचएस-१ पद्धतीच्या कॅमेऱ्यांत कार्डाला आधी ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टच्या संकेतांवर आणलं जातं आणि मग ठोके वीस कोटींच्याही वर नेता येतात.

बिघाडाचं कोडं या पायऱ्यांमध्येच सुटतं. एखाद्या पट्टीवर मळ बसला असेल किंवा सोन्याचा मुलामा खरवडला गेला असेल, तर तिथे विजेला अडथळा वाढतो. सावकाश चाललेल्या ओळखपाळखीत तो जाणवत नाही. व्होल्ट कमी झाले आणि ठोके वाढले की तोच अडथळा संकेत बिघडवायला पुरतो. माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीचा एक आकडा जात असतो. तो जुळला नाही की कॅमेरा पुन्हा प्रयत्न करतो आणि थोड्या प्रयत्नांनंतर थांबून पडद्यावर संदेश देतो. म्हणून अनेकदा कॅमेरा सुरू होताना कार्ड ओळखतो, किती फोटो मावतील तो आकडाही दाखवतो आणि पहिली सलग क्लिक झाली की अडकतो.

बाजारातले बहुतेक स्वस्त यूएसबी २.० रीडर १.८ व्होल्टच्या पायरीपर्यंत जातच नाहीत. ते ३.३ व्होल्टवर, कमी वेगाने आणि निवांत वाचतात. लिहिण्याचं ओझंही त्यांच्यावर नसतं, कारण फोटो उतरवून घेताना कार्डावर जवळजवळ काही लिहावं लागत नाही. शिवाय रीडरच्या स्प्रिंगा पट्टीवर नेमक्या कॅमेऱ्याच्याच जागी टेकतील असं नसतं. कॅमेऱ्याच्या स्प्रिंगेने रोज घासून जिथे चर पाडली, त्याच्या किंचित बाजूला रीडरची स्प्रिंग कोऱ्या सोन्यावर बसलेली असू शकते. त्यामुळे तेच कार्ड तिथे बिनबोभाट उघडतं.

झीज कुणाची, कार्डाची की स्लॉटची?

कार्डाच्या माहितीपत्रकात टिकाऊपणाचा आकडा साधारण १०,००० वेळा घालणं-काढणं असा दिलेला असतो. एखाद्या फोटोग्राफरचं कार्ड दिवसातून दोनदा कॅमेऱ्यात आणि दोनदा रीडरमध्ये गेलं, तरी १०,००० पूर्ण व्हायला २,५०० दिवस म्हणजे जवळपास सात वर्षं लागतील. या हिशोबाने पट्ट्या झिजून कार्ड बाद होणं दुर्मीळ असायला हवं. पण हा आकडा स्वच्छ कार्ड आणि स्वच्छ स्लॉट धरून काढलेला आहे. खिशातली धूळ, हाताचा घाम, समुद्रकाठची खारट हवा यांची त्यात गणती नाही. कोकणात पावसाळ्यात शूट करणाऱ्याच्या कार्डावर घामातलं मीठ आणि ओल एकत्र येतात. मुलामा जिथे खरवडलेला असेल तिथे खालचा निकेल किंवा तांबं उघडं पडतं आणि त्यावर गंजाचा पातळ थर चढतो. डोळ्यांना तो जेमतेम डागासारखा दिसतो.

दुसरी बाजू स्लॉटची. फोटोग्राफरकडे चार कार्डं असतील, तर प्रत्येक कार्डाच्या वाट्याला घासणं चौथ्या हिश्शाने येतं, पण कॅमेऱ्याच्या स्लॉटला चारही कार्डांचं घासणं सोसावं लागतं. स्प्रिंगांचा दाब हळूहळू कमी होतो. सैल झालेली स्प्रिंग नव्या कार्डावरही नीट टेकत नाही. त्यामुळे एकच कार्ड नाकारलं गेलं तर संशय कार्डावर घ्यायचा आणि एकाच कॅमेऱ्याने दोन-तीन कार्डं नाकारली तर स्लॉटवर, ही पहिली ढोबळ विभागणी.

तिसरी जागा प्लॅस्टिकची. मोठ्या एसडी कार्डाच्या पट्ट्यांमध्ये केसासारख्या बारीक प्लॅस्टिकच्या भिंती असतात. वारंवार वापराने किंवा कार्ड किंचित तिरकं घातल्याने त्या तुटतात. तुटलेला तुकडा स्लॉटमध्ये राहिला तर स्प्रिंगेखाली अडकतो, आणि मग कार्ड कोणतंही असो, ती एक पट्टी जोडलीच जात नाही. कार्डाच्या दोन पापुद्र्यांचा जोडही कडेला उघडू शकतो. असं फुगलेलं कार्ड घालताना अडखळतं आणि काढताना स्लॉटला ओढ देतं. ही कमजोरी ओळखून सोनीने २०१८मध्ये ‘टफ’ नावाची एसडी कार्डं आणली. त्यांत या भिंतीही नाहीत आणि कडेचा लॉकही नाही. संपूर्ण कवच एकसंध ओतलेलं आहे.

त्या लॉकबद्दलही गैरसमज आहे. कार्डाच्या डाव्या कडेची ती सरकती पट्टी कार्डातल्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडलेली नसते. तो नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. तो कुठे आहे हे स्लॉटमधला एक खटका चाचपून पाहतो आणि त्यावरून ‘लिहू नये’ असं ठरवतो. तुकडा सैल झाला की कार्ड आत ढकलताना आपोआप लॉकच्या जागी सरकतो. गळून पडला तर खाच उघडी राहते आणि कॅमेरा कार्ड कायमचं लॉक समजतो. रीडरला फक्त वाचायचं असल्याने तिथे काहीच अडत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय अनेकजण करतात. फोटो उतरवण्यापुरता तो चालेल, पण ऊन लागून पट्टी सुटली आणि कॅमेऱ्याच्या आत चिकटली, तर स्लॉट उघडायची वेळ येते.

एक कार्ड, पायरीपायरीने

रत्नागिरीकडच्या एका लग्नाचं उदाहरण कल्पू. ६४ जीबीचं, तीन वर्षं वापरलेलं कार्ड. सकाळी मुहूर्ताचे फोटो नीट आले. दुपारी पंगतीच्या वेळी कॅमेऱ्याने कार्ड नाकारलं. काढून परत घातलं, एकदा चाललं, पुन्हा नाकारलं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे ते कार्ड बाजूला ठेवून दुसरं वापरणं. नाकारलेल्या कार्डावर आणखी एकही फोटो घ्यायचा नाही आणि कॅमेऱ्याचा फॉरमॅटचा प्रश्न ‘नाही’ म्हणून बंद करायचा. घरी आल्यावर रीडरमध्ये घालायच्या आधी लॉक सरकवून ठेवायचा, म्हणजे संगणकाकडून चुकून काही लिहिलं जाण्याची शक्यता कमी होते. मग सगळे फोटो एका फोल्डरमध्ये उतरवायचे आणि छोट्या चित्रांवर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष मोठे उघडून पाहायचे. छोटं चित्र फाइलच्या सुरुवातीला साठवलेलं असतं. मागचा भाग खराब असला तरी ते सुंदर दिसतं.

समजा सगळे फोटो सुरळीत उघडले. आता निदान. त्याच कॅमेऱ्यात दुसरं, चांगल्या कंपनीचं कार्ड घालून सलग वीस-तीस फोटो काढले, ते चाललं. म्हणजे स्लॉटवरचा संशय कमी झाला. मग नाकारलेलं कार्ड लॉक उघडून दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं, तिथेही ते सलग क्लिकवर अडकलं. संशय कार्डावर पक्का झाला.

आता भिंग. घड्याळजी वापरतात तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊनही काम भागतं. चांगल्या कार्डावर प्रत्येक पट्टीवर एक-दोन बारीक, समांतर, चकचकीत रेघा दिसतात. ती स्प्रिंगेची रोजची वाट आणि ती असणं साहजिक आहे. रेघेच्या तळाशी सोनेरीऐवजी राखाडी किंवा तांबूस रंग दिसला, तर मुलामा संपला. रेघेच्या टोकाला काळपट ढीग दिसला, तर तो घासून जमलेला मळ. या कल्पित कार्डावर एका माहितीपट्टीवर तसा काळा ढीग आहे, बाकी पट्ट्या स्वच्छ आहेत.

साफसफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड पुरतं. कापडाचं टोक ओलं करून पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने दोन-तीनदा पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. खोडरबराने घासण्याचा जुना उपाय टाळायला हवा. रबरातले कण मळाबरोबर मुलामाही खरवडतात. कार्ड आज चालतं, पण उघड्या धातूवर पुढच्या पावसाळ्यात गंज चढतो. स्लॉटच्या आत ओला बोळा, सुई किंवा चिमटा घालणंही तसंच घातक. एक स्प्रिंग वाकली की स्लॉट बदलण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. आत प्लॅस्टिकचा तुकडा दिसत असेल, तर कॅमेरा बंद करून, बॅटरी काढून, तोंड खाली धरून हाताच्या रबरी फुग्याने हवा मारून पाहायची. तेवढ्याने नाही निघाला तर दुरुस्तीवाल्याकडे.

पुसल्यानंतर कार्ड चाललं, तरी महत्त्वाच्या कामाला लगेच न्यायचं नाही. ते पूर्ण भरून तपासायचं. ती तपासणी कशी करायची ते पुढे येतंच, कारण बनावट कार्डही त्याच परीक्षेत सापडतं.

एका नाकारण्यामागे मात्र बिघाड नसतोच. एसडी कार्डं २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. एसडीएक्ससी हा प्रकार २००९मध्ये आला, त्याआधीच्या कॅमेऱ्याला ६४ जीबीचं कार्ड समजणारच नाही. रीडर आणि संगणक नवे असल्याने तिथे ते उघडतं. तसंच संगणकावर एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेरा घेत नाही आणि संगणकावर नाव बदललेले फोटो तो दाखवत नाही. कॅमेऱ्याला DCIM फोल्डर आणि ठरावीक साच्यातली नावंच कळतात. अशा कार्डातले फोटो उतरवून ते त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की विषय मिटतो.

कार्ड खोटं कसं बोलतं

२००९च्या अखेरीस चीनमधल्या एका कारखान्यात ‘चंबी’ नावाचं छोटं इंटरनेट उपकरण तयार होत होतं. उत्पादनाच्या मध्येच काही नग चाचणीत नापास होऊ लागले. उपकरणाचे रचनाकार अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी पाहिलं, तर नापास नगांतली मायक्रोएसडी कार्डं एकाच खेपेतली होती. वेष्टन आणि छपाई नावाजलेल्या कंपनीची. पण प्रत्येक कार्डात एक इलेक्ट्रॉनिक ओळखनोंद असते, त्यात उत्पादकाचा संकेतांक आणि अनुक्रमांक असतात. या खेपेतला संकेतांक अपरिचित होता आणि अनुक्रमांक संशय यावा इतके लहान. हुआंग यांनी शेन्झेनच्या हुआचियांगबेई बाजारातून तुलनेसाठी आणखी कार्डं विकत घेतली, काहींचं प्लॅस्टिक आम्लात विरघळवलं आणि आतल्या चिपा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. फेब्रुवारी २०१०मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्यातून उघड झालं की बाहेरून अस्सल दिसणाऱ्या कार्डाच्या आत काय आहे हे छपाईवरून सांगता येत नाही.

पुढे डिसेंबर २०१३मध्ये हॅम्बुर्गच्या ‘३०सी३’ परिषदेत हुआंग आणि त्यांचे सहकारी शॉन क्रॉस यांनी यामागचं तंत्र उलगडलं. प्रत्येक कार्डात साठवणीच्या चिपेसोबत एक छोटा संगणक असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. फ्लॅश चिपेत खराब कप्पे असणं नेहमीचंच. ते चुकवून चांगल्या कप्प्यांवर माहिती ठेवणं हे कंट्रोलरचं काम. कार्डाची क्षमता किती, हेही कॅमेऱ्याला कंट्रोलरच सांगतो. त्यातला प्रोग्राम कारखान्याबाहेरही बदलता येत असेल, तर १६ जीबीच्या कार्डाला ‘मी १२८ जीबीचं आहे’ असं बोलायला लावता येतं. कॅमेरा आणि संगणक दोघेही ते खरं मानतात, कारण विचारायला दुसरं कोणी नसतंच.

असं कार्ड फोटोग्राफरच्या हातात आल्यावर काय होतं? एक रॉ फोटो २५ एमबीचा धरला, तर १६ जीबीत सुमारे ६४० फोटो मावतात. पहिल्या कार्यक्रमात ४०० फोटो निघाले, सगळे उत्तम. पुढच्या मोठ्या कार्यक्रमात ९०० निघाले. कॅमेऱ्याने एकदाही तक्रार केली नाही, कारण कंट्रोलर प्रत्येक वेळी ‘लिहिलं’ असंच उत्तर देत होता. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असावी, तशी फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या, खऱ्या भागात असते. म्हणून रीडरमध्ये ९०० नावं दिसतात आणि प्रत्येकापुढे २५ एमबी असा आकडाही असतो. त्यातले सुमारे २६० फोटो मात्र उघडत नाहीत किंवा करड्या पट्ट्या दाखवतात. ते कुठे लिहिलेच गेले नव्हते.

काही बनावट कार्डं याहून वाईट वागतात. खरी जागा संपली की ती पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतात. मग नव्या फोटोंची माहिती त्या यादीवरच जाऊन पडते. यादी मोडली की कॅमेरा कार्ड ओळखत नाही आणि फॉरमॅट करायला सांगतो. फॉरमॅट केलं की कार्ड पुन्हा छान चालतं, पुढचे सहाशे फोटो होईपर्यंत. कार्ड दर वेळी साधारण तेवढ्याच फोटोंनंतर नाकारलं जात असेल आणि फॉरमॅटने दर वेळी बरं होत असेल, तर पट्ट्या पुसत बसू नये. ही खूण बनावट कार्डाची आहे. पट्ट्यांचा दोष फोटोंची संख्या पाहून येत नाही. तो कार्ड हलवल्यावर, काढून घातल्यावर, दमट दिवशी येतो आणि जातो.

यादी मोडलेल्या कार्डातून जे खरंच लिहिलं गेलं होतं त्यातलं पुष्कळ परत मिळतं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा मोफत प्रोग्राम यादीकडे पाहतच नाही. तो कार्डाचा एकेक कप्पा चाळतो आणि फोटो जिथून सुरू होतो तिथली ठरावीक चिन्हं शोधतो. जेपेग फोटो नेहमी FF D8 FF या तीन बाइटनी सुरू होतो. ते दिसलं की फोटोरेक तिथून पुढचा भाग उचलून संगणकावर स्वतंत्र फाइल बनवतो. फायलींची मूळ नावं जातात, फोटो राहतात. वाचवलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, एवढं पाळायचं. जे लिहिलंच गेलं नव्हतं, ते कोणत्याही प्रोग्रामला परत आणता येत नाही.

पूर्ण भरून पाहणं

कार्ड खरं आहे का, हे ओळखायची भरवशाची रीत एकच. ते काठोकाठ भरायचं आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचायचं. विंडोजवर यासाठी एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम वर्षानुवर्षं वापरात आहे. जर्मनीच्या ‘सीटी’ मासिकाचे हाराल्ड ब्योगेहोल्त्स यांनी तो लिहिला. लिनक्स आणि मॅकवर मिशेल माशादो यांचा एफ३ आहे. कार्ड `/media/card` इथे उघडलं असेल, तर दोन हुकूम पुरतात:

```
f3write /media/card
f3read /media/card
```

पहिला हुकूम कार्डाची रिकामी जागा ओळखीच्या नमुन्याने भरतो, दुसरा ती वाचून ताडतो. शेवटी `Data OK` आणि `Data LOST` असे दोन आकडे येतात. १२८ जीबीच्या कार्डावर `Data OK` पुढे साधारण १५ जीबी आणि `Data LOST` पुढे उरलेलं सगळं दिसलं, तर कार्ड बनावट आहे. सगळी जागा ‘ओके’ आली, पण ती १२८ऐवजी ११९च्या आसपास दिसली, तर काळजी नको. संगणक आकडा १,०२४च्या पटीत मोजतो, त्याचा तो फरक. नुकसान थोडंथोडं, विखुरलेलं आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी आलं, तर कार्ड खरं असूनही पट्ट्यांचा किंवा रीडरचा दोष असू शकतो. अशा वेळी रीडर बदलून पुन्हा तपासायचं.

या परीक्षेला वेळ लागतो. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने १२८ जीबी लिहायला पावणेदोन तासांच्या वर जातात, वाचायला आणखी तेवढेच. म्हणून ती कार्ड विकत घेतलं त्याच रात्री लावून ठेवावी, पहिल्या कार्यक्रमाच्या आधी आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत. वेष्टनाचे आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बिल आणि चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवला की विक्रेत्याशी बोलणं सोपं जातं. त्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नकली मालाची वेगळी व्याख्या असून त्याच्या विक्रीला शिक्षेची तरतूद आहे.

बनावट कार्डाचा खरा भाग तेवढा वापरावा, असा मोह होतो. एफ३मध्ये कार्डाला त्याच्या खऱ्या मापात बांधून टाकणारं `f3fix` हे साधनही आहे. संगणकावर ते चालतं. कॅमेऱ्यात मात्र पुढच्याच फॉरमॅटच्या वेळी कॅमेरा पुन्हा कंट्रोलरला क्षमता विचारतो आणि कंट्रोलर पुन्हा १२८ सांगतो. त्यामुळे तक्रार निकालात निघेपर्यंत असं कार्ड ‘बाद’ असं मार्करने लिहून बॅगेबाहेर ठेवावं आणि नंतर मोडून टाकावं. झिजलेल्या पट्ट्यांचं कार्ड पुसल्यावर पूर्ण परीक्षेत पास झालं, तर ते सरावाच्या फोटोंना किंवा दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येतं. पुन्हा एकदा नाकारलं गेलं, तर त्याचीही जागा तीच.